वाकल्यावर आरपार दिसणारी लेगिंग: लेबलवरचे मिश्रण आणि ‘चार बोटे ते सहा बोटे’ ताण-चाचणी

तक्रार एकच असते आणि ती पुन्हा पुन्हा येते. दुकानात हातात घेतलेली लेगिंग जाड, मऊ आणि दाट वाटते. घरी आरशासमोर उभे राहून पाहिले तरी ठीक दिसते. आणि मग जिना चढताना, खाली पडलेली वस्तू उचलताना किंवा दुचाकीवर बसताना मागून कोणी तरी हळूच सांगते की कुर्ता जरा खाली ओढून घ्या. मी शाळेत शिकवते. दिवसभरात किती वेळा वाकावे लागते याची मोजदाद नाही, आणि वर्गात मुलांच्या समोर ही गोष्ट लक्षात येण्यासारखा संकोच दुसरा नाही. एका वर्षात मी क्रीम रंगाच्या तीन लेगिंग्ज घेतल्या आणि तिन्ही अशाच निघाल्या. प्रत्येक वेळी मी आधीपेक्षा महाग घेतली होती, त्यामुळे ‘स्वस्त माल असाच असतो’ हे उत्तर मला पुरेसे वाटेना. तेव्हा त्यातली फाटलेली एक लेगिंग कापून, मोजून आणि वजन करून पाहिली. त्यातून जे कळले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी कारण समजून घेतले पाहिजे, कारण ते समजले की चाचणी आपोआप सुचते. लेगिंगचे कापड साडीसारखे उभ्या-आडव्या धाग्यांचे नसते. ते स्वेटरसारखे टाक्यांचे, म्हणजे एकात एक अडकलेल्या फासांचे विणलेले असते. कापड सैल पडलेले असताना हे फास एकमेकांना चिकटून बसतात आणि मधली भोके बुजलेली राहतात. कापड ताणले की प्रत्येक फास रुंद होतो, भोके उघडतात, आणि जेवढे सूत आधी लहान जागा झाकत होते तेवढेच सूत आता मोठी जागा झाकू लागते. म्हणून दुकानात घडी घातलेल्या लेगिंगकडे पाहून काहीच ठरवता येत नाही. आपण हातात धरतो ते कापड आणि अंगावर असते ते कापड, ही जाडीच्या दृष्टीने दोन वेगळी कापडे असतात.

हे आकड्यांत पाहिले की अधिक स्पष्ट होते. मी फाटलेल्या लेगिंगमधून 20 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद असा एक चौकोन, अजिबात न ताणता, कापून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला. वजन 7 ग्रॅम भरले. असे पंचवीस चौकोन मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणून 7 गुणिले 25, म्हणजे 175. विणलेल्या कापडाच्या व्यवहारात ज्याला जीएसएम म्हणतात तो हाच आकडा: एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. घरचा काटा अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे दाखवू शकतो, म्हणून हा अंदाजच समजावा. पण अंदाजही उपयोगी पडतो.

त्याच लेगिंगची नितंबाच्या रेषेवरची रुंदी, जमिनीवर पसरून, 33 सेंटिमीटर भरली. म्हणजे पूर्ण घेर 66. माझा त्याच जागेचा घेर 104 सेंटिमीटर आहे. याचा अर्थ अंगावर चढवताच ते कापड आडवे जवळजवळ 58 टक्के ताणले जात होते, आणि 175 ग्रॅमचे कापड प्रत्यक्षात 111 ग्रॅमचे होऊन बसत होते. ही झाली उभे राहतानाची गोष्ट. वाकले की नितंबावर कापड लांबीतही ओढले जाते. ती ओढ पाचव्या हिश्श्याइतकी धरली, तरी 111 चे 92 होतात. 92 ग्रॅमचे विणलेले क्रीम कापड कोणत्याही कंपनीचे असले तरी आतले दाखवणारच. दोष सुताचा नव्हता, शिवणीचाही नव्हता. माझ्या अंगावर त्या कापडाला जितके ताणावे लागत होते, तितके ताणण्याइतके सूतच त्यात नव्हते.

आता लेबलकडे वळू. कंबरपट्टीच्या आत किंवा बाजूच्या शिवणीत शिवलेल्या छोट्या पट्टीवर बहुधा ‘कॉटन 95 टक्के, इलॅस्टेन 5 टक्के’ असे छापलेले असते. इलॅस्टेन, स्पॅन्डेक्स आणि आपण सरसकट ज्याला लायक्रा म्हणतो ते तंतूच्या दृष्टीने एकच. लायक्रा हे त्यातले एक व्यापारी नाव आहे. हा तंतू रबरासारखा ताणला जातो आणि सोडला की परत येतो. विणताना तो ताणलेल्या अवस्थेत सुताबरोबर आत घातला जातो आणि कापड यंत्रावरून उतरले की तो आखडतो, त्यामुळे सुताचे फास एकमेकांजवळ खेचले जाऊन कापड दाट होते. या अर्थी इलॅस्टेन जास्त असणे चांगले. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की जास्त इलॅस्टेन असलेली लेगिंग दोन मापे लहान असली तरी अंगावर चढते, कोठे अडत नाही, आणि घेणारीला वाटते की माप बरोबर आहे. ‘फ्री साइझ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लेगिंगचे सारे गणित याच गुणावर उभे असते. 86 सेंटिमीटर घेराच्या मुलीला ती अपारदर्शक असते आणि 108 सेंटिमीटर घेराच्या तिच्या आईला तीच आरपार दिसते. त्यात दोघींपैकी कोणाचीही चूक नसते.

म्हणून लेबल वाचायचे ते पुढील गोष्टींसाठी. सुती-इलॅस्टेन मिश्रणात 5 टक्के हे नेहमीचे प्रमाण आहे. 7 किंवा 8 टक्के असेल तर गुडघ्यावर कापडाला झोळ कमी पडतो. इलॅस्टेन प्रत्येक ओळीत घातला आहे की एकाआड एक ओळीत, यानेही फरक पडतो, आणि होजिअरीच्या धंद्यातले लोक त्याला ‘फुल फीडर’ व ‘हाफ फीडर’ म्हणतात, पण ते लेबलवर येत नाही. व्हिस्कोस-इलॅस्टेनचे कापड सुळसुळीत आणि अंगावर छान पडणारे असते, मात्र ते अंगाच्या प्रत्येक रेषेला धरून बसते, त्यामुळे अपारदर्शक असले तरी आतल्या कपड्याची कड उमटते. ती वेगळी अडचण आहे आणि कापड जाड असल्याने ती सुटत नाही. व्यायामासाठीच्या टाइट्समध्ये नायलॉन किंवा पॉलिएस्टर हा मुख्य तंतू असतो आणि इलॅस्टेन 12 ते 25 टक्क्यांपर्यंत जातो. हे कापड बहुधा इंटरलॉक पद्धतीने, म्हणजे दुहेरी विणलेले असते. लेगिंग उलटी करून पाहावी: सुलट बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे टाके आणि उलट बाजूला आडव्या बारीक लाटा दिसल्या तर ते एकेरी विणकाम, दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या तर ते दुहेरी. ताणल्यावर दुहेरी कापडाच्या एका थराची भोके दुसऱ्या थराच्या टाक्यांमागे झाकली जातात, म्हणून सारख्याच वजनाच्या एकेरी कापडापेक्षा ते बहुधा जास्त झाकते. मला विचाराल तर, पांढरा किंवा क्रीम रंग हवाच असेल तर एकेरी विणकामाच्या नादी लागू नये.

लेबल मात्र एवढेच सांगते; त्यावरून निकाल देता येत नाही. मार्च 2013 मध्ये कॅनडातल्या लुलुलेमन या कंपनीने आपल्या काळ्या योगा-पँट्स दुकानांतून परत मागवल्या होत्या, कारण त्या असायला हव्यात त्यापेक्षा जास्त पारदर्शक निघाल्या. कापड तिचे नेहमीचेच होते, नायलॉन आणि लायक्राचे. तेव्हा चाचणी हवीच, आणि ती ताणूनच करायला हवी.

चाचणी

बहुतेक दुकानांत लेगिंग घालून पाहू देत नाहीत, म्हणून ही चाचणी न घालता करायची आहे. निघण्यापूर्वी घरी दोन मापे घ्यावीत. पहिले माप नितंबाच्या सर्वांत रुंद भागाचा घेर. दुसरे आपल्या वितीचे. माझी वीत 19 सेंटिमीटर भरते, त्यामुळे दुकानात टेप मागण्याची गरज पडत नाही.

पाकीट उघडून घेण्याची विनंती करावी. जे दुकान उघडू देत नाही तेथून फिकट रंग घेऊ नये, काळा घ्यायचा असेल तर पाहावे. लेगिंग काउंटरवर सपाट पसरावी, हाताने सरळ करावी पण ताणू नये, आणि कंबरपट्टीच्या खाली साधारण एक वीत, जेथे आसनाची शिवण सुरू होण्याच्या थोडा वरचा भाग येतो, तेथे आडवी रुंदी मोजावी. ही रुंदी आपल्या अर्ध्या घेराच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी असेल तर ती लेगिंग अंगावर निम्म्याहून अधिक ताणली जाणार हे तेथेच ठरले. माझा अर्धा घेर 52, त्याचे दोन तृतीयांश सुमारे 35. म्हणजे 33 ची लेगिंग मी हातातही घ्यायला नको होती. वरचे माप मागावे. वरच्या मापाची कंबर सैल पडेल अशी भीती अनेकींना वाटते, परंतु कंबरपट्टीतले इलॅस्टिक एका शिंप्याकडून दहा मिनिटांत आवळून घेता येते. पातळ कापड जाड करून देणारा शिंपी मात्र मिळत नाही.

रुंदी पुरेशी असेल तर ताण पाहावा. मागच्या बाजूचे, नितंबावर येणारे कापड निवडावे आणि त्याचा एकच थर धरावा. पोटरीकडचे नको, कारण तेथे कापड कधी एवढे ताणले जात नाही. त्यावर आपली चार बोटे आडवी ठेवून, त्या रुंदीच्या दोन्ही टोकांना दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरावे आणि ते सहा बोटांच्या रुंदीएवढे होईपर्यंत आडवे ओढावे. चाराचे सहा म्हणजे बरोबर दीडपट, आणि वर सांगितलेल्या मर्यादेत बसणाऱ्या लेगिंगचा हाच कमाल ताण आहे. त्याखाली छापील कागद धरायला कोणाला तरी सांगावे; दुकानाचे बिल, पाकिटावरचा छापील पुठ्ठा, काहीही चालते. ताणलेल्या कापडातून अक्षरे वाचता आली तर ती लेगिंग नापास. अक्षरे आहेत एवढे जाणवते पण वाचता येत नाहीत, अशी स्थिती असेल तर ती लांब कुर्त्याखाली चालेल, आखूड टॉपखाली नाही. काहीच जाणवले नाही तर पुढच्या पायरीला जावे.

पुढची पायरी मुठीची. नुसते आडवे ओढले की विणलेले कापड उभे आखडते आणि भोके थोडी मिटतात, त्यामुळे आडवी चाचणी वाकतानाचा ताण पूर्ण दाखवत नाही. म्हणून लेगिंगच्या आत हात घालून मूठ मागच्या बाजूला आतून दाबावी आणि दुसऱ्या हाताने कापड मुठीभोवती खाली खेचावे, म्हणजे ते एकाच वेळी दोन्ही दिशांनी ताणले जाते. बोटांच्या पेरांवरच्या रेषा आणि नखांचा फिकट रंग वेगवेगळा ओळखू आला तर समजावे की वाकल्यावर आतल्या कपड्याचा रंगही असाच ओळखू येईल. हे खिडकीजवळ किंवा दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात करावे. दुकानातला पिवळसर दिवा उदार असतो. मोबाइलची बॅटरी मात्र उलट टोकाची कठोर असते, कारण आतून बॅटरी लावली तर जाड कापडातूनही उजेड येतो आणि चांगली लेगिंगही विनाकारण नाकारली जाते.

तिन्ही वेळा फसल्यानंतर मी चौथी लेगिंग या पद्धतीने घेतली. लेबल अगदी तेच होते, कॉटन 95 आणि इलॅस्टेन 5. पाकिटावर 220 जीएसएम छापलेले होते, पसरून रुंदी 37 भरली. म्हणजे घेर 74, अंगावरचा ताण सुमारे 40 टक्के, आणि उभे असताना कापड 156 ग्रॅमच्या आसपास. आधीच्या 111 च्या तुलनेत हा फरक जवळजवळ 40 टक्क्यांचा आहे, आणि लेबलवर त्याचे एकही चिन्ह नव्हते. त्यातला एक भाग जड कापडाचा आणि दुसरा भाग मापाचा. जड कापड पण लहान माप घेतले असते तर एक तृतीयांशाहून अधिक फायदा वाया गेला असता. ही लेगिंग घालून मी गेले वर्षभर वर्गात निर्धास्तपणे वाकते आहे.

काळी लेगिंगही पांढरट दिसते तेव्हा

गडद रंग प्रकाश शोषतो, त्यामुळे तो फिकट रंगापेक्षा सुरक्षित असतो हे खरे. परंतु गडद लेगिंगची एक स्वतंत्र खोड आहे. सुतावर बसणारा रंग इलॅस्टेनवर बसत नाही. सैल असताना रंगवलेले सूत इलॅस्टेनला झाकून ठेवते, आणि कापड ताणले की फासांच्या मधून न रंगलेला इलॅस्टेन चमकतो. गुडघ्यावर आणि मांडीवर दिसणारी ती राखाडी झाक बहुधा त्वचेची नसते. छापील नक्षीच्या पॉलिएस्टर टाइट्समध्ये हे आणखी ठळक होते, कारण नक्षी पांढऱ्या कापडाच्या वरच्या बाजूवर छापलेली असते आणि ताणल्यावर खालचा पांढरा तळ उघडा पडतो. ओळखायची खूण सोपी आहे: कापड उलटे करून पाहावे, आतली बाजू पांढरी असेल तर ताणावर रंग फिका पडणारच. अशी टाइट पारदर्शक असेलच असे नाही, पण ती तशी दिसते, आणि घालणारीच्या दृष्टीने त्यात फारसा फरक नाही.

आतल्या कपड्याबद्दलही येथेच लिहिते. फिकट लेगिंगखाली पांढरा आतला कपडा घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती चुकीची आहे. बाहेरून दिसतो तो कपडा आणि त्वचा यांच्या रंगांतला फरक. त्वचेच्या रंगाला जवळचा आतला कपडा घातला तर तीच लेगिंग पुष्कळ सभ्य दिसते. घरी पहिल्यांदा तपासताना मात्र मुद्दाम गडद किंवा नक्षीचा आतला कपडा घालावा, लेबल न तोडता खिडकीकडे पाठ करून वाकावे आणि घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. परत करण्याची मुदत चालू असेपर्यंतच हे करून घ्यावे. ऑनलाइन मागवताना लेगिंग परत घेतली जाते की नाही हे आधी वाचावे, कारण काही ठिकाणी ती आतल्या कपड्यांत धरून परत घेत नाहीत.

घाम आणि पाऊस

कोरडी असताना उत्तम असलेली सुती लेगिंग घामाने किंवा पावसाने भिजली की आरपार दिसू लागते. कोरड्या कापडात तंतूंच्या मध्ये हवा असते आणि तिच्यामुळे प्रकाश विखुरतो. तेथे पाणी भरले की विखुरणे कमी होते आणि प्रकाश थेट आत जातो. ताण-चाचणीत उत्तीर्ण झालेली लेगिंगही यातून सुटत नाही. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत रोज भिजण्याचा प्रसंग येत असेल, तर फिकट सुती लेगिंग कपाटातच ठेवावी आणि गडद रंगाचे दुहेरी विणकामाचे नायलॉन वापरावे. ते पाणी कमी पिते आणि लवकर वाळते.

थंड देशांत राहणाऱ्या मैत्रिणी ज्याला टाइट्स म्हणतात, त्या पायमोज्यांसारख्या पातळ टाइट्सच्या पाकिटावर डेनिअरचा आकडा असतो. 9,000 मीटर सुताचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. 20 पर्यंतच्या टाइट्स पारदर्शक दिसण्यासाठीच केलेल्या असतात, 40 अर्धवट झाकतात, आणि अपारदर्शक हव्या असतील तर 80 किंवा त्याहून वरचा आकडा पाहावा. तेथेही मापाचा नियम तोच: मांडीवर जास्त ताणली गेलेली 80 ची टाइट वरच्या मापाच्या 60 पेक्षा पातळ दिसू शकते.

सहा महिन्यांनी पुन्हा पातळ वाटू लागली तर

सुरुवातीला ठीक असलेली लेगिंग नंतर आरपार दिसू लागते, त्यामागे बहुधा घासणे असते. मांड्यांच्या आतल्या बाजूला कापडाचे गोळे धरतात. ते गोळे म्हणजे कापडातूनच निघालेले तंतू असतात, आणि ते उपटले की तेवढी जागा पातळ होते. तो भाग उजेडासमोर धरून बाकीच्या कापडाशी ताडून पाहावा. दुसरे कारण इलॅस्टेन थकण्याचे. गरम पाणी, क्लोरीनचा ब्लीच आणि कडक इस्त्री या तिन्हींमुळे तो सैल पडतो, मग फास पुन्हा जवळ येत नाहीत. हे तपासण्यासाठी कापडावर शिलाईच्या खडूने 10 सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात, 15 पर्यंत ओढून दहा आकडे मोजेपर्यंत धरावे, सोडावे आणि मिनिटभराने पुन्हा मोजावे. साडेदहापर्यंत परत आले तर कापडात अजून जीव आहे. 11 किंवा त्याहून जास्त राहिले तर ती लेगिंग घरात वापरायला काढावी, बाहेर घालू नये.